देवघराची भिंत: आधी कोरडी, मग ओली

दसरा होतो, घट उठतात, नऊ दिवस तेवलेला अखंड दिवा निवतो आणि मग देवघराच्या भिंतीकडे लक्ष जातं. समईच्या वर काळ्या काजळीचा पट्टा चढलेला असतो. खालच्या फळीवर समईच्या बुडाभोवती तेलाचं गडद कडं उमटलेलं असतं. त्याच्या शेजारी कुठेतरी ओल्या कुंकवाचा लाल ओघळ सुकून बसलेला असतो. दिवाळीला अजून वीसेक दिवस असतात, घर आवरायला काढलेलंच असतं, तेव्हा कुणीतरी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवतं आणि थेट त्या काळ्या पट्ट्यावर फिरवतं. पट्टा निघत नाही. तो पसरतो, राखाडी होतो आणि रंगात मुरतो.

हे डाग हट्टी असतात म्हणून राहत नाहीत. कामाचा क्रम चुकतो म्हणून राहतात. काजळी, तेल आणि कुंकू या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे. काजळी कोरडी असताना निघते, तेल साबणाने किंवा लेपाने निघतं, आणि कुंकू कशाने निघेल हे ते कशाचं बनवलं आहे यावर ठरतं. हा क्रम समजावा म्हणून एक नेहमीचं देवघर समोर ठेवू. क्रीम रंगाचा प्लास्टिक पेंट दिलेली भिंत, तिला लागून पांढऱ्या संगमरवराची फळी, फळीच्या कोपऱ्यात तिळाच्या तेलाची समई आणि शेजारी हळद-कुंकवाचा करंडा. आपल्या घरी रंग किंवा दगड वेगळा असेल तर काय बदलायचं तेही ओघात येईलच.

काजळी भिंतीवर का बसते

वातीतून वर चढलेलं तेल ज्योतीच्या उष्णतेने वाफ होऊन जळतं. त्याला पुरेशी हवा मिळाली तर कार्बन पूर्ण जळून जातो. वात फार वर काढली, तिचं टोक जळून गड्डा झाला किंवा वाऱ्याने ज्योत हलत राहिली, तर तेलाची वाफ जास्त आणि हवा कमी असं होतं. मग न जळालेला कार्बन अतिशय बारीक कणांच्या रूपाने वर जातो. हीच काजळी. तिच्या कणांवर अर्धवट जळालेल्या तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे ती राखेसारखी सुटी राहत नाही आणि हात लावला की चिकटते.

ज्योतीवरून उठणारी गरम हवा कण घेऊन भिंतीलगत वर सरकते. गरम हवेतले बारीक कण गार पृष्ठभागाकडे ओढले जातात, आणि घरातली भिंत त्या हवेपेक्षा नेहमीच गार असते. म्हणून काजळी दिव्याच्या नेमकी वर, खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यात बसते. कोनाड्यात किंवा बंद देव्हाऱ्यात दिवा असेल तर वरच्या छताला सर्वांत जास्त काळं होतं.

कापूर तेलापेक्षा कितीतरी जास्त काजळी धरतो. त्याच्या ज्योतीवर ताटली धरली तर क्षणात काळी होते, हे काजळ पाडणाऱ्या घरांना माहीत असतं. उदबत्ती आणि धूप यांचा डाग मात्र काळा नसतो. तो पिवळट-तपकिरी आणि चिकट असतो, कारण त्यात धुराबरोबर आलेले राळेसारखे पदार्थ असतात. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी डागाचा रंग नीट पाहावा. काळ्याला आधी कोरडा उपाय लागतो. तपकिरी डाग कोरड्याने फारसा हलत नाही, त्याला थेट साबणाचं पाणी लागतं.

भिंतीचा रंग आधी ओळखा

काजळी नसलेल्या एखाद्या कोपऱ्यात भिंतीवर बोट घासा. बोटाला पांढरी पूड लागली तर चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. पूड लागली नाही तर ओला कापूस त्याच जागी हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवा. कापसाला भिंतीचा रंग लागला तर ते धुता येण्याजोगं नसलेलं डिस्टेंपर आहे. कापूस स्वच्छ राहिला तर प्लास्टिक पेंट, लस्टर किंवा ऑइलपेंट असणार.

या परीक्षेवर पुढचं सगळं अवलंबून आहे. चुना आणि डिस्टेंपर पाण्याने धुता येत नाही, कारण पाण्याबरोबर रंगच सुटतो आणि काजळी खाली उतरते. अशा भिंतीवर फक्त कोरडं काम करायचं आणि उरलेला डाग नव्या हातावर सोडायचा. प्लास्टिक पेंट बेताने धुता येतो. लस्टर आणि ऑइलपेंट सर्वांत जास्त सोसतात.

कोरडं काम

दिवा विझवून दोन-तीन तास गेले की देव, तसबिरी आणि वस्त्रं दुसरीकडे हलवावीत. पंखा बंद करावा, कारण वाऱ्याने उडालेली काजळी समोरच्या भिंतीवर जाऊन बसते. फळीवर वर्तमानपत्र अंथरावं. घरात व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याची नळी भिंतीपासून बोटभर लांब धरून सुटी काजळी ओढून घ्यावी. नळी भिंतीला टेकवायची नाही. कुंचा किंवा झाडूही लावायचा नाही, कारण तो बारीक कण रंगाच्या छिद्रांत दाबतो.

त्यानंतरचं खरं साधन म्हणजे रबराचा कोरडा स्पंज. आगीनंतर घरं स्वच्छ करणारे लोक तो वापरतात आणि ऑनलाइन बाजारात तो ‘ड्राय क्लीनिंग स्पंज’ या नावाने मिळतो. त्याला पाणी लावायचं नसतं. भिंतीच्या वरच्या टोकापासून खाली सरळ रेघेत, एकाच दिशेने तो ओढायचा. पुढची रेघ आधीच्या रेघेवर थोडी चढवायची. गोल गोल घासलं की काजळी पसरते. स्पंजाची बाजू काळी झाली की दुसरी बाजू घ्यायची, आणि सगळ्या बाजू भरल्या की धारदार सुरीने वरचा पापुद्रा कापून आतला स्वच्छ भाग काढायचा.

स्पंज नसेल तर घरातच एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे: घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा. पोळीच्या कणकेपेक्षा ती बरीच घट्ट हवी, हाताला अजिबात चिकटू नये, आणि तिच्यात तेल-मीठ घालू नये. लिंबाएवढा गोळा भिंतीवर टेकवायचा, किंचित दाबायचा आणि सरळ उचलायचा. घासायचं नाही, टिपायचं. काळी बाजू आत दुमडून पुन्हा टिपायचं. पांढऱ्या पावाचा कडा काढलेला मऊ गरही असाच चालतो. रोममधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर मेणबत्त्यांची काजळी साचली होती, तेव्हा 1625 मध्ये सिमोने लाजी या कारागिराने ती तागाच्या फडक्यांनी आणि पावाने पुसली होती. मुलांच्या खेळण्यातली ‘प्ले-डो’ नावाची मऊ माती हीसुद्धा मुळात अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांनी काळवंडलेला भिंतीवरचा कागद साफ करायला बनवलेली कणीकच होती. खेळणं म्हणून ती 1956 च्या सुमारास बाजारात आली.

कणकेची एक अडचण आहे. तिचे कण भिंतीवर राहिले तर दुसऱ्याच दिवशी मुंग्या येतात. म्हणून काम संपल्यावर कोरड्या मऊ ब्रशने कण झाडून टाकावेत. काजळी उचलली गेल्यामुळे आता ब्रश चालतो.

काम पुरं झालं का, हे पाहण्यासाठी पांढरं कोरडं फडकं बोटाला गुंडाळून डागावर एकदाच ओढावं. फडक्यावर काळी रेघ आली तर अजून कोरडं काम बाकी आहे. रेघ राखाडी-पिवळट आणि किंचित तेलकट आली तर आता पाण्याची वेळ झाली. आपल्या उदाहरणातल्या क्रीम भिंतीवर इतपत केल्यावर काळा पट्टा जाऊन फिकट तपकिरी सावली उरते. ती तेलाची आहे.

ओलं काम: खालून वर

एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक लहान चमचा घालावा. दुसऱ्या बादलीत साधं पाणी घ्यावं. मऊ सुती फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावं. त्यातून थेंब गळता कामा नये.

सुरुवात पट्ट्याच्या खालच्या टोकापासून करायची आणि वर जायचं. हे उलटं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या, तेलकट भिंतीवर ओघळतं आणि तिथे ज्या रेघा उठतात त्या मूळ डागापेक्षा जास्त त्रास देतात. खालचा भाग आधी ओला आणि स्वच्छ असेल तर वरून आलेला ओघळ तिथे धरत नाही. साबण फिरवून झाला की साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं मात्र वरून खाली फिरवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. साबणाचा अंश राहिला तर तो पुढच्या काजळीला चिकटवून ठेवतो.

एवढ्याने सावली गेली नाही आणि भिंत ऑइलपेंटची असेल तर एक लिटर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा एक मोठा चमचा घालून तेच करता येतं. हातमोजे घालावेत आणि दोनदा साध्या पाण्याने पुसावं. प्लास्टिक पेंटवर सोडा अर्ध्या प्रमाणात आणि एकदाच वापरावा. सोड्याने ऑइलपेंटची चकाकी थोडी उतरू शकते, म्हणून आधी कोपऱ्यात पाहावं. भिंतीवर हळदीचा किंवा कुंकवाचा डाग असेल तर सोडा त्याच्या जवळही नेऊ नये. का, ते पुढे येतं.

पांढरा ‘मॅजिक’ स्पंज अनेक घरांत असतो. तो साबणाने नव्हे, बारीक घासून काम करतो. मॅट रंगाच्या भिंतीवर तो जिथे फिरतो तिथे चकचकीत चट्टा पडतो आणि उजेड तिरपा आला की तो कायम दिसत राहतो. लस्टरवर किंवा ऑइलपेंटवरही तो अगदी हलक्या हाताने आणि शेवटचा उपाय म्हणूनच वापरावा.

कुंकू कशाचं आहे?

पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं. हळदीतला पिवळा रंग क्षाराच्या संगतीत लाल होतो. पंढरपुरात आणि करमाळा तालुक्यातल्या केम गावात कुंकवाचा धंदा पिढ्यानपिढ्यांचा आहे. पण आज बाजारात मिळणाऱ्या पुड्यांत हळदीखेरीज स्टार्च किंवा पांढऱ्या दगडाची पूड आणि कृत्रिम रंग असू शकतो. दिसायला सगळं सारखंच लाल, पण डाग म्हणून प्रत्येकाचं वागणं निराळं.

म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी करंड्यातलं चिमूटभर कुंकू तीन वाट्यांत घालावं. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी आणि तिसरीत औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट. दहा मिनिटांनी पाहावं. पाणीच गुलाबी-लाल झालं तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे. अशा डागाला जितकं पाणी लावाल तितका तो पसरेल, म्हणून तिथे अगदी कमी पाणी आणि जास्त टिपणं. पाणी जवळपास तसंच राहिलं आणि स्पिरिट पिवळं-केशरी झालं तर हळद आहे, कारण हळदीचा रंग गार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. तिन्ही वाट्यांत रंग तळाशीच बसून राहिला तर ती न विरघळणारी रंगाची पूड आहे. ती कोरडी असताना झटकली तर बहुतेक निघून जाते आणि ओली करून चोळली तरच मुरते. साबणाच्या वाटीत रंग आणखी लाल किंवा काळपट झाला तर ते कुंकू क्षाराने रंग बदलणारं आहे, त्याला साबण-सोडा लावू नये.

लिंबाचाही मोह टाळावा. चुन्यावर लाल केलेल्या हळदीच्या कुंकवावर लिंबू पिळलं की ते पिवळं पडतं आणि डाग गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो, फक्त रंग बदललेला असतो. पुढच्या वेळी साबणाचा हात लागला की तो पुन्हा लाल होतो.

आता आपल्या भिंतीवरचा ओघळ घेऊ. तो सुकलेला आहे. आधी मऊ कोरड्या ब्रशने किंवा कणकेच्या ताज्या गोळ्याने वरची पूड टिपायची. मग चाचणीत जे चाललं ते कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं. रंग पाण्यात विरघळणारा असेल तर गार पाण्याने ओलसर केलेला बोळा. हळद असेल तर स्पिरिटचा बोळा. डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत जायचं आणि दर दोन-तीन टिपण्यांनंतर बोळा बदलायचा. मध्यापासून बाहेर गेलं तर डाग मोठा होतो. स्पिरिट प्लास्टिक पेंटला मऊ करतं, म्हणून बोळा दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये आणि बोळ्यावर भिंतीचा क्रीम रंग दिसला की तिथेच थांबावं. स्पिरिट पेट घेतं. घरात कुठेही दिवा, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नसताना, खिडकी उघडून हे काम करावं.

कुंकू तूप किंवा तेलात कालवून भिंतीवर स्वस्तिक किंवा हळदी-कुंकवाची बोटं उमटवलेली असतील तर आधी तेल काढावं लागतं, नाहीतर रंगापर्यंत काही पोचतच नाही. तिथे साबणाच्या पाण्याचा घट्ट पिळलेला बोळा टिपावा, वाळू द्यावं आणि मग वरची पद्धत घ्यावी. शेवटी फिकट पिवळी छटा उरली आणि तिथे खिडकीचं ऊन पोचत असेल तर ती तशीच सोडावी. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, थोड्या दिवसांत ती फिकी पडते.

चुन्याच्या भिंतीवर ओल्या कुंकवाला इलाज नाही. तिथे पत्र्याच्या पट्टीने तेवढाच पापुद्रा खरवडून नवा चुना लावणं हेच खरं.

शेंदराचं वेगळं सांगायला हवं. मारुतीला आणि गणपतीला लावायचा शेंदूर पुष्कळदा शिशाचा ऑक्साइड असतो. तो भिंतीवर किंवा फळीवर सांडला असेल तर कोरडा झाडू नये, ब्रशने झटकू नये आणि पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. इथे मात्र ओल्या कागदी रुमालाने टिपायचं, रुमाल पिशवीत बांधून टाकायचा आणि हात साबणाने धुवायचे. लहान मुलांना तोवर तिथे येऊ देऊ नये.

दगडाची फळी

देवघराच्या फळीला आपल्याकडे संगमरवर, कोटा, कडप्पा, शहाबादी किंवा ग्रॅनाइट वापरतात. यांतला ग्रॅनाइट सोडला तर बाकीचे चारही चुनखडीच्या जातीचे आहेत. आंबट पदार्थ त्यांना खातो. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक किंवा पितळेची भांडी चकचकीत करायची आंबट पावडर लागली की दगडाचा वरचा थर विरघळतो आणि तिथे पांढुरका, निस्तेज चट्टा पडतो. समई फळीवरच ठेवून चिंचेने घासायची सवय अनेक घरांत असते आणि फळीवरचे कितीतरी ‘डाग’ खरं तर त्या थेंबांचे ओरखडे असतात. समई, ताम्हण आणि निरांजन सिंकमध्ये नेऊनच घासावं.

डाग आहे की दगड खाल्ला गेला आहे, हे ओळखायला टॉर्च फळीच्या पातळीत तिरपी धरावी. जागा गडद पण आसपासइतकीच चकचकीत दिसली तर दगडात काहीतरी मुरलं आहे आणि ते काढता येईल. जागा फिकी आणि खरबरीत, मंद दिसली तर पॉलिश गेलं आहे. तिथे कोणतंही साबण-औषध उपयोगी नाही, फरशी पॉलिश करणाऱ्यालाच बोलवावं लागतं.

आपल्या संगमरवरावर समईच्या बुडाचं गडद कडं आहे, म्हणजे तेल आत गेलं आहे. वरून कितीही पुसलं तरी ते येणार नाही. त्याला बाहेर ओढून घ्यावं लागतं आणि त्यासाठी लेप लावतात. वाळत जाणारा लेप दगडाच्या छिद्रांतलं तेल आपल्याकडे खेचतो. आग्र्याच्या ताजमहालाचा पिवळटपणा काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग 1994 पासून वेळोवेळी मुलतानी मातीचे लेप देत आला आहे. तिथलं तत्त्व हेच आहे.

घरी पांढऱ्या दगडासाठी मुलतानीपेक्षा रंगाच्या दुकानात मिळणारी पांढरी चॉक पावडर बरी, कारण मुलतानी मातीत लोह असतं आणि ते पांढऱ्या दगडावर पिवळी झाक सोडू शकतं. चार मोठे चमचे चॉक पावडर, भांड्यांच्या साबणाचा एक लहान चमचा आणि श्रीखंडाइतकं घट्ट होईल एवढं पाणी असं कालवावं. डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर लावावा. त्यावर प्लास्टिकचा कागद ठेवून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसंच राहू द्यावं. नंतर प्लास्टिक काढून लेप आपोआप पूर्ण वाळू द्यावा. घाई करून ओला असतानाच काढला तर फारसा उपयोग होत नाही, कारण तेल ओढलं जातं ते वाळतानाच. वाळलेला लेप लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा, ओल्या फडक्याने पुसावं आणि दगड एक-दोन दिवस वाळल्यावर निकाल पाहावा. ओला दगड गडदच दिसतो, त्यावरून काही ठरवू नये.

कडं फिकं झालं असेल तर तोच लेप पुन्हा द्यावा. जुन्या तेलाला दोन-तीन वेळा लागतातच. काहीच फरक पडला नाही तर पुढचा लेप पाण्याऐवजी अॅसिटोनमध्ये कालवावा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून आणि ज्योतीपासून पूर्ण दूर. तीन लेपांनंतरही कडं तसंच असेल तर तेल आत घट्ट होऊन बसलं आहे असं समजून थांबावं.

पांढऱ्या संगमरवरावरच्या कुंकवाला तीच चॉक पावडर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून लावतात. पेरॉक्साइड रंगाला फिकं करतं, म्हणून ते कडप्प्यासारख्या काळ्या दगडावर किंवा रंगीत भिंतीवर वापरू नये. त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा ब्लीच काहीही मिसळू नये. कडप्प्यावरच्या कुंकवाला चॉक पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावावी. कडप्प्याला पुष्कळदा तेल किंवा मेण देऊन काळेपणा आणलेला असतो, तो स्पिरिटने उतरून जागा राखट दिसू शकते. तेव्हा आधी फळीच्या खालच्या बाजूला करून पाहावं.

ग्रॅनाइटवर यातलं बहुतेक काम साबणाच्या पाण्यानेच होतं. तो दाट असल्यामुळे तेल त्यात सहसा खोल जात नाही.

डागावर रंग देण्यापूर्वी

काजळी पुसायचा कंटाळा करून तिच्यावरच नवा रंग मारणं ही सर्वांत महाग चूक आहे. पाण्यात कालवायचा कोणताही रंग तेलकट काजळीवर लागला की तेलातला तपकिरी भाग नव्या थरातून वर येतो आणि थोड्याच काळात तीच सावली पुन्हा दिसते. दुसरा, तिसरा हात मारला तरी ती येतच राहते. म्हणून आधी वर सांगितलेलं कोरडं आणि ओलं काम करावं, भिंत दोन दिवस वाळू द्यावी आणि डागाच्या जागी ऑइल प्रायमर किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा यांचा एक हात द्यावा. चपड्याचा पातळ थर तेलाला आणि कुंकवाच्या रंगाला आतच अडवतो. तो वाळल्यावरच वरचा रंग द्यावा. रंगाऱ्याला हे आधी सांगून ठेवलं नाही तर तो सरळ पुट्टी आणि रंग लावून मोकळा होतो.

दिवा तेवत ठेवताना

डाग पुन्हा पडू नये यासाठी तीन गोष्टी पुरतात. पहिली, वात. ती समईच्या ओठाबाहेर तांदळाच्या दोन दाण्यांइतकीच असावी, आणि टोकाला गड्डा धरला की तो झाडून टाकावा. ज्योत उंच, लालसर आणि टोकाला धुरकट दिसली तर वात जास्त वर आहे. ती लहान, पिवळी आणि स्थिर असली पाहिजे. दुसरी, अंतर. समई भिंतीपासून हातभर पुढे घ्यावी, आणि कापूर देवघराच्या कोनाड्यात न लावता आरतीच्या तबकात, मोकळ्या जागी लावावा. तिसरी, ताम्हण. समईखाली आणि करंड्याखाली एक-एक ताम्हण ठेवलं तर वातीवरून पाझरणारं तेल आणि सांडलेलं कुंकू दगडापर्यंत पोचतच नाही.

अखंड दिव्याच्या नऊ दिवसांत भिंत रोज कोरड्या स्पंजाने किंवा कणकेच्या गोळ्याने एकदा टिपून घेतली तर दसऱ्यानंतर धुण्यासारखं फारसं काही उरत नाही. काजळी ताजी असताना दोन मिनिटांचं काम असतं, महिनाभर मुरली की दिवसभराचं होतं. आणि जे काही कराल ते आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून पाहा, पाण्याची बादली सगळ्यात शेवटी आणा, आणि लिंबू-चिंच दगडापासून लांब ठेवा.